बुडत नाही, विकली जातेय

आमची कंपनी विकली जाणार आहे हे मालकांनी स्वतः सांगितलं. चिंचवडला रेल्वेलाइनच्या पलीकडे आमचा कारखाना होता. विहिरीवरचे पंप आणि उसाचे चरक तिथे तयार होत. शनिवारी पगार झाल्यावर मालकांनी सगळ्यांना फौंड्रीसमोरच्या अंगणात बोलावलं, एका उलट्या घमेल्यापाशी उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले की मुंबईची एक इंजिनं बनवणारी कंपनी आपला कारखाना घेतेय. आपला पंप आणि त्यांचं इंजिन एकत्र विकायचा त्यांचा विचार आहे. कुणाचीही नोकरी जाणार नाही. कामगारांची सेवा अखंड धरायची असं बोलणं झालंय.

एवढं बोलून ते थांबले. अंगणातून लोक नेहमीप्रमाणे सायकली घेऊन बाहेर पडले.

मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. ड्रॉइंग ऑफिस म्हणजे उत्तरेकडे काचा असलेली एक खोली. तिच्यात आम्ही दोघं बसायचो, मी आणि हेड ड्राफ्ट्समन. त्यांना सगळा कारखाना मास्तर म्हणे. ते मूळचे रत्नागिरीकडचे, वय पन्नाशीच्या पुढे, बोलताना शब्द नाकात घोळवायची सवय. डिप्लोमा घेऊन मी या कारखान्यात आलो तेव्हा मला रेघ मारता येत होती, पण ओतकाम होऊन वस्तू थंड झाली की ती किती आकसते याचा हिशेब रेघ मारतानाच करायचा असतो हे मास्तरांनी शिकवलं. शिकवताना ते कधी रागावले नाहीत. चूक दिसली की पेन्सिल कानामागे खोचून माझ्या टेबलाशी उभे राहत आणि मला ती सापडेपर्यंत तिथून हलत नसत.

त्या शनिवारनंतर मास्तर मला एवढंच म्हणाले, "आपल्याला काय, कागदावर रेघ मारायची. मालक कुणी का असेना."

मला तसं वाटत नव्हतं. मुंबईच्या त्या कंपनीत ड्रॉइंग ऑफिस होतं, आणि मोठं होतं. त्यांचे इंजिनियर कारखाना बघायला आले तेव्हा एकजण सहज बोलून गेला होता की तुमची ही खोली छान आहे, इथे तपासणीचा विभाग चांगला बसेल. फौंड्री त्यांना हवी होती, लेथवरची माणसं हवी होती. ड्रॉइंग काढणारी माणसं त्यांच्याकडे होती. मालकांनी अंगणात 'कामगार' हा शब्द वापरला होता. आम्ही दोघं आणि ऑफिसातले दोन कारकून त्या शब्दात बसतो की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

त्याच सुमारास पिंपरीत एक मोठा नवा कारखाना उभा राहत होता. फाळणीच्या निर्वासितांच्या कँपाच्या बाजूने सायकलवर गेलं की त्याचे लोखंडी सांगाडे दिसत. त्यांची जाहिरात पेपरात आली. ड्राफ्ट्समन पाहिजेत, अनुभव हवा, वय पस्तिसाच्या आत. मी ती बायकोला वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. तिने विचारलं, "मास्तरांनी पाहिली का?"

मी म्हटलं, "त्यांच्या वयाला नाही ती."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मी अर्ज केला.

मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा मी मास्तरांना सांगितलं की आईला दवाखान्यात न्यायचंय. आईला खरंच खोकला होता. तिला मी दुसऱ्या दिवशी नेलंही. पण रजा मागितली ती मुलाखतीसाठी. मास्तर म्हणाले, "जा जा, आईकडे बघ आधी," आणि माझं राहिलेलं ट्रेसिंग आपल्या टेबलावर ओढून घेतलं.

नव्या कारखान्याचं ऑफिस अजून पत्र्याच्या शेडमध्ये होतं. बाहेर सिमेंटची पोती रचलेली, आत पंखा नाही. बाकावर आम्ही बरेच जण बसलो होतो. कोणी तळेगावहून पॅसेंजरने आलेला, कोणी थेट पुण्याहून सायकलवर. भरती करणारे साहेब पूर्वी लष्करात होते. माणसं निवडायचंच काम त्यांनी तिथेही केलं होतं असं बाकावर कुणीतरी सांगितलं. मी त्यांना मनात भरतीसाहेब म्हणू लागलो. आतून त्यांचा आवाज येत नव्हता. फक्त आत गेलेल्या माणसाचा येत होता, आणि तो दर वेळी जास्त बोलत असे.

माझी पाळी आली. साहेब गोरेपान, डोक्याला टक्कल, समोर टेबलावर कागदाच्या पुडीत भाजलेले शेंगदाणे. त्यांनी पुडी माझ्याकडे सरकवली. मी घेतले नाहीत. आधी इंग्रजीत सुरुवात झाली, पण माझं इंग्रजी ऐकून ते आपणहून मराठीवर आले. काय शिकलात, काय काढता, ओतकामाचं काढलंय का, मशिनिंगचं काढलंय का. ते सगळं ठीक गेलं. मग त्यांनी कामाचा नमुना मागितला. मी डिप्लोमाच्या वेळची दोन ड्रॉइंगं पुढे केली.

"हे जुनं आहे. सध्याचं काही आणलं नाही?"

मी म्हटलं की सध्याची ड्रॉइंगं कंपनीची आहेत. ती बाहेर न्यायची नसतात.

त्यांनी मान हलवली. मग पुढचा प्रश्न आला, आणि तोच येणार हे मला आठवडाभर माहीत होतं. चांगली नोकरी आहे, घर जवळ आहे, मग का सोडताय?

मी घरून उत्तर घोकून आलो होतो. बढतीला वाव नाही, मोठ्या कारखान्यात शिकायला मिळेल, वगैरे. ते मी बोलून टाकलं. त्यांनी एका शेंगदाण्याचं साल काढलं. ते काही बोलेनात. ती गप्प बसण्याची रीत इतकी सरावाची होती की मलाच बोलावं लागलं, आणि तोंडातून निघून गेलं, "खरं सांगायचं तर साहेब, आमची कंपनी बुडतेय."

तो शब्द बाहेर पडला आणि मला मालक दिसले. अंगणात खाली बघत उभे असलेले. पाऊस लांबला आणि विहिरी आटल्या त्या वर्षी एकही पंप विकला गेला नाही, तरी त्यांनी कुणाला घरी बसवलं नव्हतं. त्या माणसाच्या कारखान्याबद्दल मी एका परक्या शेडमध्ये बसून बुडतेय म्हणालो होतो. शिवाय ते खोटंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "चुकलं. बुडत नाही. विकली जातेय."

"त्यात फरक आहे," ते म्हणाले.

"हो. आहे."

"मग नीट सांगा."

मी नीट सांगितलं. मुंबईची इंजिनाची कंपनी घेतेय, हे मालकांनी सगळ्यांना जाहीर सांगितलंय, म्हणून तुम्हाला सांगतो. किमतीबद्दल मला माहिती नाही, आणि असती तरी सांगितली नसती. पंपाला मागणी आहे, पण कारखाना वाढवायला लागणारं भांडवल मालकांकडे नाही आणि त्यांच्यामागे चालवणारं कुणी नाही, म्हणून विकतायत. कामगारांची सेवा अखंड धरणार असं तोंडी सांगितलंय. ड्रॉइंग ऑफिसबद्दल काही सांगितलेलं नाही, आणि घेणाऱ्यांकडे त्यांचं स्वतःचं ड्रॉइंग ऑफिस मुंबईला आहे.

"म्हणजे तुमची खोली जाईल असा तुमचा अंदाज."

"अंदाजच आहे. मला कुणी जा म्हटलेलं नाही."

"मग थांबून का बघत नाही? कदाचित मुंबईला घेतील. पगार वाढेल."

मी म्हणालो की आई आहे, घर इथे आहे, मुंबईला जायचं नाही. हेही खरं होतं. पण ते माझ्याकडे बघत राहिले तसं मला वाटलं की अर्धं सांगून इथून उठू नये. मी म्हणालो, "थांबलो तर माझं काय करायचं ते दुसरं कुणीतरी ठरवील. आणि तेव्हा आमचे सगळेच तुमच्या दारात येतील. आत्ता मी एकटा आलोय."

हे बोलताना माझे कान तापले. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, कुठलाही शहाणा माणूस हेच करील. तरी रेशनच्या रांगेत शेजाऱ्याला न सांगता पहाटे जाऊन उभं राहिल्यासारखं वाटलं.

भरतीसाहेबांनी विचारलं, "तुमच्या वर कोण आहे?"

मी मास्तरांबद्दल सांगितलं.

"त्यांनी अर्ज केला नाही?"

"तुमच्या जाहिरातीत पस्तिसाची अट आहे साहेब."

त्यांनी पुडीची घडी घातली. मग शांतपणे म्हणाले की तुम्ही कंपनीबद्दल वाकडं बोललात ते लगेच मागे घेतलंत, ते मला पुरे आहे. पण मी तुम्हाला घ्यायचं ठरवलं तर तुमच्या मालकांना पत्र लिहून विचारणार. माझं पत्र पोचण्याआधी तुम्ही त्यांना सांगितलेलं असलं पाहिजे. "मी लष्करात एक गोष्ट पाहिली. माणूस सांगून गेला की लोक विसरतात. न सांगता गेला की विसरत नाहीत." नोटिशीचा महिना मी पूर्ण करणार का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणालो की कारखाना नव्या मालकांच्या ताब्यात जाईपर्यंत तरी थांबू द्या, सगळी ड्रॉइंगं मोजून, तपासून द्यायची आहेत, विकल्या जाणाऱ्या मालात तीही आहेत. ते थांबायला तयार झाले.

सोमवारी सकाळी मी मालकांच्या खोलीत गेलो. काय बोलायचं ते जुळवून गेलो होतो, पण पहिलंच वाक्य उलटसुलट झालं. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीबाहेर फौंड्रीची भट्टी पेटवायची तयारी चालली होती.

"तुला काय बोलणार?" ते म्हणाले. "वेळेवर बाहेर पडायचं म्हणून तर मी विकतोय. तूही तेच करतोयस."

ते टोचून बोलले नव्हते. बोलले असते तर सोपं गेलं असतं. मी उभाच राहिलो. मग ते म्हणाले, पत्र आलं तर चांगलंच लिहीन. फक्त एक काम तुझं तू कर. मास्तरांना तू सांग. मी सांगणार नाही.

दुपारी आम्ही दोघं नेहमी खोलीतच डबा खायचो. मास्तरांच्या डब्यात त्या दिवशी कुळथाचं पिठलं होतं. त्यांनी नेहमीसारखं अर्धं माझ्या झाकणात वाढलं. ते खाऊन झाल्यावर सांगावं असं मी ठरवलं होतं, पण तेवढा धीर निघाला नाही, मध्येच सांगितलं. मुलाखत, पिंपरीचा कारखाना, दवाखान्याची रजा, सगळं.

ते जेवत राहिले. मग विचारलं, "आईचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे."

"मग झालं." डबा आवरत पुन्हा म्हणाले, "तिथे टेबलं नवी असतील. उजेड कुठून येतो बघून घे. पश्चिमेचा असेल तर दुपारी डोळ्यांवर येतो."

हात धुऊन आल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि ती त्यांनी सांगितली नसती तर बरं झालं असतं असं मला पुढे अनेकदा वाटलं. मुंबईचे इंजिनियर आले होते तेव्हा मास्तरांनी त्यांच्या वरिष्ठाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फौंड्री इथे आणि ड्रॉइंग मुंबईला असं करू नका. पंपात दोष निघाला तर ड्रॉइंग काढणारा माणूस ओतणाऱ्याच्या शेजारी असावा लागतो. आम्ही दोघं आहोत, एक म्हातारा आणि एक तरुण, पुढची वीस वर्षं तुम्हाला दुसरं कुणी बघायला नको. त्या वरिष्ठाला ते पटलं होतं. विचार करतो म्हणाला होता.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"तुला कसं माहीत असणार? मीच बोललो नव्हतो."

मी म्हणालो की मी पिंपरीला नाही म्हणून कळवतो. ते खरंच मनापासून म्हणालो की तसं म्हणणं भाग होतं म्हणून म्हणालो, हे मला आजही सांगता येत नाही. मास्तरांनी पेन्सिलीला टोक काढलं, फुंकर मारली.

"नको. तू थांबलास तर रोज सकाळी तुझं तोंड बघून मला वाटेल, हा माझ्यामुळे थांबला. ते मला झेपायचं नाही. जा तू."

मी जाणार ही बातमी दोन दिवसांत सगळीकडे झाली. तिचा असा काही परिणाम होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फौंड्रीत साचे घालणारा एक जुना माणूस होता, कुरुळी गावचा, पहाटे चालत निघून यायचा. तो ड्रॉइंग ऑफिसच्या दाराशी आला, चप्पल बाहेर काढली आणि म्हणाला, "साहेब, तुमी जाताय मंजी तुमास्नी कायतरी ठावं हाय. आमचं कसं व्हनार?"

मी म्हणालो की मला काही वेगळं माहीत नाही. फौंड्री त्यांना हवीच आहे, तुम्ही बिनघोर राहा, सेवा अखंड धरणार आहेत, फक्त ते लेखी मागून घ्या.

"न्हाई, तुमी कागुद वाचनारी मान्सं," तो म्हणाला. त्याला पटलं नाही. पटणार कसं, मी तर चाललो होतो. लेथवरचे दोघे चांगले कारागीर त्याच महिन्यात नोकरी सोडून गेले. एक पुण्याला गेला, दुसरा कुठे गेला कळलं नाही. त्यानंतर मालक ड्रॉइंग ऑफिसवरून जाताना आत डोकावेनासे झाले.

पिंपरीचं नेमणुकीचं पत्र आलं, तरी ताबा द्यायच्या दिवसापर्यंत मी थांबलो. मास्तर आणि मी एकेक ड्रॉइंग उलगडून तपासायचो. ते क्रमांक वाचायचे, मी खूण करायचो. जुन्या चरकाचं एक ड्रॉइंग निघालं, माझ्या पहिल्या महिन्यातलं, त्यावर मास्तरांच्या बारीक अक्षरातल्या दुरुस्त्या होत्या. त्यांनी ते इतरांसारखंच गुंडाळून ठेवलं आणि पुढचा क्रमांक वाचला.

मी पिंपरीला रुजू झालो. काम चांगलं होतं, माणसंही बरी होती. चिंचवडच्या फौंड्रीतल्या कुणालाही नव्या मालकांनी काढलं नाही. कुरुळीचा तो माणूस तिथेच निवृत्त झाला. ड्रॉइंग ऑफिस मात्र वर्षाच्या आत मुंबईला गेलं. मास्तरांनाही त्यांनी काढलं नाही. मुंबईला या म्हणाले, आणि ते गेले. बायको आणि मुली चिंचवडला, ते परळला एका खोलीत आणखी तिघांबरोबर. शनिवारी रात्री येत, सोमवारी पहाटेची गाडी धरत.

मी भरतीसाहेबांकडे गेलो. ते आता आमचेच साहेब होते. कारखान्यात शिकाऊ मुलांची शाळा सुरू व्हायची होती. मी म्हणालो, ड्रॉइंग शिकवायला यांच्यासारखा माणूस मिळणार नाही. वयाची अट शिक्षकाला लावू नका. त्यांनी माझं बरंच ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही त्यांच्यासाठी करताय की तुमच्यासाठी?" मी म्हणालो, दोघांसाठी. ते हसले नाहीत. वर बोलून बघतो म्हणाले, आणि खरंच बोलले. काही महिन्यांनी होकार आला.

मी त्या रविवारी मास्तरांच्या घरी गेलो. ते अंगणात मोगऱ्याला आळं करत होते. मी सांगितलं. त्यांनी हात झटकले, ओट्यावर बसले, आणि जरा लाजल्यासारखे म्हणाले की नको रे आता. मुंबईला त्यांच्या हाताखाली सहा माणसं होती. एका मोठ्या पंपाचं काम त्यांनी पहिल्यापासून केलं होतं, तो पूर्ण व्हायचा होता. "इथे मी चरकच काढत बसलो असतो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मला कधी न दिसलेला उत्साह होता. मला हलकं वाटलं. इतके दिवस मी ज्याचं ओझं वाहिलं ते त्यांच्या मनातही नव्हतं.

त्यांची बायको चहा घेऊन आली. मला कप दिला, त्यांना दिला, आणि पदराला हात पुसत उभी राहिली. ती माझ्याशी फारशी बोलत नसे.

"तुम्ही दोघं असता तर ऑफिस इथंच राहिलं असतं, असं हे म्हणायचे," ती म्हणाली. "आता म्हणत नाहीत."

मास्तर म्हणाले, "चहा गार होईल त्याचा." ती आत गेली. आतून थोरल्या मुलीला हाक मारल्याचं ऐकू आलं. तिच्या लग्नाचं बघत होते आणि वडील घरी असलेल्या दिवशीच पाहुण्यांना बोलवावं लागत होतं. मी चहा संपवला. मास्तर मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि नव्या पंपाबद्दल सांगत राहिले. मी सायकल धरून उभा होतो. त्यांचं सांगणं संपेपर्यंत मला तिथून निघवेना.